राष्ट्रसंघ का कोसळला आणि संयुक्त राष्ट्रसंघ वेगळा कसा घडवला गेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेला राष्ट्रसंघ आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचा संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यातील फरक विचारणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि जिज्ञासू वाचक बहुधा त्याच काही ठिकाणी अडतात. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा भर एकाच गोष्टीवर आहे: आक्रमण झाले आहे हे ठरवायचे कोणी, आणि ते ठरल्यावर इतरांनी काय करणे बंधनकारक होते. दोन्ही संस्थांचे सामाजिक, आरोग्यविषयक व श्रमविषयक कार्य मोठे असले, तरी ते येथे घेतलेले नाही. राष्ट्रसंघाच्या मूळ दस्तऐवजाला 'करारनामा' आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या दस्तऐवजाला 'सनद' असे म्हटले आहे.

१. सामूहिक सुरक्षा म्हणजे नेमके काय? ती लष्करी युतीपेक्षा वेगळी कशी?

युतीमध्ये शत्रू बाहेरचा असतो आणि बहुतेक वेळा तो आधीपासून ठाऊक असतो. सामूहिक सुरक्षेत शत्रूचे नाव आधी ठरलेले नसते. सर्व सदस्य एकमेकांना असे वचन देतात की आपल्यापैकी कोणीही दुसऱ्यावर चालून गेले, तर उरलेले सर्व जण त्याच्या विरोधात उभे राहतील. मग आक्रमक आपला मित्र असो वा नसो, आणि आक्रमण झालेला देश आपल्या दृष्टीने महत्त्वाचा असो वा नसो. या कल्पनेचा कस याच अटीवर लागतो, कारण दूरच्या आणि बिनमहत्त्वाच्या देशासाठी जवळच्या मित्राला दुखवायची तयारी त्यात गृहीत धरलेली आहे. इटलीने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, आक्रमण केले तेव्हा मोडले ते हेच गृहीतक (प्रश्न ६).

२. राष्ट्रसंघाकडे स्वतःचे सैन्य नव्हते म्हणून तो अपयशी ठरला, असे पुस्तकात दिलेले असते. हे खरे आहे का?

हे अर्धे उत्तर आहे, आणि ते इतक्या वेळा सांगितले जाते की त्यामुळे खरे कारण झाकले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाकडेही आजवर स्वतःचे सैन्य नाही (प्रश्न ११). राष्ट्रसंघाच्या सदस्यांकडे मात्र सैन्य भरपूर होते. ब्रिटनचे आरमार भूमध्य समुद्रात होते आणि सुएझ कालव्यावर ब्रिटनचा ताबा होता. उणीव होती ती हे बळ कधी व कशासाठी वापरायचे, हे ठरवणाऱ्या बंधनकारक निर्णयाची. करारनाम्यात शिक्षा लिहिलेली होती, परंतु अपराध घडला की नाही हे ठरवण्याचा अधिकार अखेरीस प्रत्येक सदस्याच्या हाती राहिला.

३. करारनाम्यातील कलम १६ तर फार कडक आहे. मग ते निष्प्रभ कसे झाले?

शब्दांपुरते पाहिले तर कलम १६ सनदेतील कोणत्याही कलमापेक्षा कठोर आहे. करारनामा मोडून युद्ध पुकारणाऱ्या सदस्याने इतर सर्व सदस्यांविरुद्धच युद्धकृत्य केले आहे, असे त्यात आपोआप मानले जात होते आणि त्याच्याशी असलेले व्यापारी व आर्थिक संबंध ताबडतोब तोडणे सर्वांवर बंधनकारक होते. लष्करी कारवाईबाबत मात्र बडे देश आणि काही निवडलेले सदस्य यांच्या परिषदेला फक्त शिफारस करता येत होती.

ही कठोरता अवघ्या दोन वर्षांत सैल करण्यात आली. १९२१ मध्ये सर्व सदस्यांच्या आमसभेने कलम १६ च्या अर्थाविषयी काही ठराव केले. करारनाम्याचा भंग झाला आहे की नाही हे प्रत्येक सदस्याने स्वतः ठरवावे आणि निर्बंध एकदम न लावता क्रमाक्रमाने लावावेत, असा त्यांचा आशय होता. अशा रीतीने 'आपोआप' आणि 'ताबडतोब' हे कलमाचा प्राण असलेले दोन्ही शब्द व्यवहारातून गेले.

प्रादेशिक अखंडतेची हमी देणाऱ्या कलम १० चीही तीच गत झाली. १९२३ मध्ये कॅनडाच्या आग्रहावरून असा ठराव मांडण्यात आला की या हमीसाठी कितपत लष्करी साहाय्य द्यायचे, हे ज्या त्या देशाच्या घटनात्मक संस्थांनी ठरवावे. त्याच्या बाजूने २९ मते पडली आणि विरोधात फक्त इराणचे एक. एकमताच्या नियमामुळे ठराव तांत्रिकदृष्ट्या संमत झाला नाही, तरीही पुढे सर्वांनी कलम १० चा अर्थ त्या ठरावाप्रमाणेच लावला. ज्याला खरोखर हमीची गरज होती असा एक देश विरोधात उभा राहिला आणि जिंकूनही हरला. राष्ट्रसंघाचे पुढचे भवितव्य मला या एका मतदानात दिसते.

शिवाय करारनाम्याने युद्धावर संपूर्ण बंदी घातलीच नव्हती. वाद लवादाकडे, न्यायालयाकडे किंवा परिषदेकडे न्यावा आणि निकालानंतर तीन महिने थांबावे, एवढेच बंधन होते. वादाचे पक्ष वगळता परिषदेच्या इतर सदस्यांचे एकमत झाले नाही, तर आपल्याला योग्य वाटेल ती कृती करण्याची मोकळीक कलम १५ ने सदस्यांना दिली होती. म्हणजे काही युद्धे कायदेशीरच होती.

४. अमेरिका सदस्य झाली असती तर राष्ट्रसंघ वाचला असता का?

अमेरिकी सिनेटने नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये व्हर्सायचा तह नाकारला, आणि करारनामा त्या तहाचाच भाग होता. दुसऱ्या वेळी बहुमत तहाच्या बाजूने होते, ४९ विरुद्ध ३५, परंतु आवश्यक दोन तृतीयांशाला सात मते कमी पडली. आक्षेपांचा रोख मुख्यतः कलम १० वर होता.

अमेरिकेच्या गैरहजेरीचा परिणाम नैतिक होता तसाच अगदी व्यावहारिकही होता. आर्थिक निर्बंध लावणाऱ्या प्रत्येक देशापुढे प्रश्न उभा राहत असे की आपण विकायचे थांबवलेला माल अमेरिकेने विकला, तर आपला व्यापार जाईल आणि आक्रमकाचे काहीच अडणार नाही. त्याशिवाय तटस्थ अमेरिकेची जहाजे अडवल्यास तिच्याशीच संघर्ष होईल, ही ब्रिटिश आरमाराची भीती वेगळीच. तरीही अमेरिका असती तर सर्व काही सुरळीत झाले असते असे म्हणण्यास आधार नाही. कलम १६ सैल करणारे देश राष्ट्रसंघाच्या आतलेच होते.

५. मांचुरियाच्या प्रकरणात एकमताच्या नियमाने राष्ट्रसंघाचे हात बांधले, असे म्हणतात. मग १९३३ मध्ये जपानच्या विरोधात ठराव कसा संमत झाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बारकाईने वाचलेले आहे. उत्तर दोन वेगवेगळ्या कलमांत आहे.

१८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर झालेल्या स्फोटाचे निमित्त करून जपानी सैन्याने चीनच्या ईशान्येकडील मांचुरिया व्यापण्यास आरंभ केला. चीनने प्रथम कलम ११ खाली दाद मागितली. या कलमाखालील निर्णयास वादाच्या पक्षांसह सर्वांचे एकमत लागते, असा अर्थ रूढ झाला होता. २४ ऑक्टोबर १९३१ रोजी जपानने ठरावीक मुदतीत सैन्य मागे घ्यावे, या ठरावाला तेरा मते मिळाली आणि विरोधात एकच मत पडले. ते मत जपानचेच असल्याने ठराव पडला.

पुढे चीनने कलम १५ चा आधार घेतला. त्या कलमाखाली वादाच्या पक्षांची मते मोजली जात नसत. राष्ट्रसंघाने चौकशीसाठी पाठवलेल्या लिटन आयोगाच्या अहवालावर आधारलेला ठराव २४ फेब्रुवारी १९३३ रोजी आमसभेत ४२ विरुद्ध १ मताने संमत झाला, सयाम तटस्थ राहिला आणि जपानच्या विरोधामुळे ठराव अडला नाही. एकमताचा नियम येथे आड आलाच नाही.

आड आला तो ठरावातील मजकूर. जपानने उभारलेल्या मांचुकुओ राज्याला मान्यता देऊ नये, यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. जपानने औपचारिकपणे युद्ध पुकारलेले नसल्यामुळे कलम १६ लागू होत नाही, अशी सोयीची भूमिका बड्या देशांना घेता आली. शिवाय स्फोटापासून या मतदानापर्यंत सतरा महिने गेले होते आणि मांचुकुओ स्थापन होऊन वर्ष होत आले होते. पुढच्याच महिन्यात जपानने राष्ट्रसंघ सोडण्याची सूचना दिली.

६. अबिसिनियाच्या वेळी तर निर्बंध लावले गेले होते. मग अपयश आले कुठे?

हे प्रकरण तारखांच्या क्रमाने वाचावे, कारण राष्ट्रसंघाची यंत्रणा पूर्णपणे चालवली गेली अशी ही एकमेव वेळ आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये वालवाल येथे इटली आणि अबिसिनिया यांच्या सैन्यांत चकमक झाली. हे ठिकाण अबिसिनियाच्या हद्दीत बरेच आत होते. अबिसिनिया १९२३ पासून राष्ट्रसंघाचा सदस्य होता. त्याने जानेवारी १९३५ मध्ये कलम ११ खाली आणि मार्चमध्ये कलम १५ खाली दाद मागितली. पुढचे सहा महिने लवादात गेले आणि सप्टेंबरच्या आरंभी लवादाने निकाल दिला की चकमकीचा दोष कोणत्याच पक्षावर येत नाही. दरम्यान इटली उघडपणे सुएझ कालव्यातून एरिट्रिया व सोमालीलँडमध्ये सैन्य उतरवत होती.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी आक्रमण झाले. यानंतरचे काही दिवस राष्ट्रसंघाच्या इतिहासातील सर्वात वेगवान होते. ७ ऑक्टोबरला परिषदेने इटलीने करारनामा मोडून युद्ध आरंभल्याचा निष्कर्ष काढला आणि आमसभेतील ५४ पैकी ५० देशांनी त्याला दुजोरा दिला. इटलीखेरीज फक्त ऑस्ट्रिया, हंगेरी आणि अल्बानिया बाजूला राहिले. १९२१ च्या ठरावांमुळे प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवायचे होते, तरीही पन्नास जणांनी एकच उत्तर दिले. समन्वय समिती नेमली गेली आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले. इटलीला शस्त्रे व कर्ज देण्यावर बंदी आली, इटलीचा माल विकत घेणे थांबले आणि रबर, कथील यांसारखा काही कच्चा माल इटलीस पाठवणे बंद झाले.

यादीत तेल नव्हते. कोळसा आणि पोलादही नव्हते. ज्यांचा पुरवठा मुख्यतः राष्ट्रसंघाच्या सदस्यांच्याच हाती आहे अशाच वस्तू यादीत घ्याव्यात, असा निकष लावण्यात आला होता. कॅनडाचे प्रतिनिधी वॉल्टर रिडेल यांनी नोव्हेंबरच्या आरंभी तेलाचा प्रस्ताव मांडला. तो तत्त्वतः मान्य झाला, परंतु अंमलबजावणीची तारीख ठरली नाही, आणि महिनाभरात त्यांच्याच सरकारने रिडेल वैयक्तिक मत मांडत होते असे जाहीर केले. तेलावर विचार करण्यासाठी ठरलेली बैठक फ्रान्सच्या विनंतीवरून पुढे ढकलली गेली. त्या मुदतीत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी अबिसिनियाचा मोठा भूभाग इटलीला देऊन प्रकरण मिटवण्याची योजना आखली. ती डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांत फुटली, ब्रिटनमध्ये संताप उसळला आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला. तरीही तेलाचा प्रश्न पुन्हा कधीच निर्धाराने उचलला गेला नाही.

फेब्रुवारी १९३६ मध्ये राष्ट्रसंघाच्याच तज्ज्ञांनी अहवाल दिला की सर्व सदस्यांनी तेलबंदी केली आणि अमेरिकेने आपली निर्यात पूर्वीच्या पातळीवर ठेवली, तर साडेतीन महिन्यांच्या आत तिचा परिणाम दिसेल. नोव्हेंबरमध्येच बंदी आली असती तर ही मुदत युद्धाच्या निर्णायक महिन्यांत संपली असती. त्याऐवजी इटलीचे रणगाडे आणि विमाने चालत राहिली आणि त्या विमानांतून विषारी वायू टाकला गेला. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडले. ३० जूनला सम्राट हैले सेलासी यांनी स्वतः जिनिव्हाला येऊन आमसभेपुढे भाषण केले, आणि १५ जुलैला निर्बंध उठवण्यात आले.

दोष कोणत्या टप्प्यावर आला हे यातून स्पष्ट दिसते. अपराध ठरवण्यात राष्ट्रसंघ चुकला नाही. ब्रिटन आणि फ्रान्स यांना हिटलरविरुद्ध इटली आपल्या बाजूने हवी होती, आणि मार्च १९३६ मध्ये तहाने सैन्य ठेवण्यास मनाई केलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये जर्मन सैन्य शिरल्यावर तर ती अधिकच हवीशी झाली. इटलीला टोचेल पण मोडणार नाही अशा बेताची शिक्षा त्यांनी निवडली.

७. राष्ट्रसंघाला कधीच यश आले नाही का?

आले होते. ऑक्टोबर १९२५ मध्ये सीमेवरील गोळीबारानंतर ग्रीक सैन्य बल्गेरियात घुसले, तेव्हा काही दिवसांतच परिषद पॅरिसमध्ये भरली. लढाई थांबवा आणि साठ तासांत सैन्य मागे घ्या असे तिने सांगितले, ग्रीसने ऐकले आणि नुकसानभरपाईही दिली. फरक एवढाच की ग्रीस लहान देश होता आणि त्या वेळी बड्या देशांत मतभेद नव्हते. सनद तयार करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवली (प्रश्न ९).

८. भारत तर पारतंत्र्यात होता. मग तो दोन्ही संस्थांचा संस्थापक सदस्य कसा?

व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने भारतमंत्री एडविन मॉन्टेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या आणि त्यामुळे भारत राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य झाला. प्रतिनिधी मात्र ब्रिटिश सरकार ठरवत असे. १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेतही सनदेवर सह्या करणारे रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी सरकारनियुक्तच होते. त्याच वेळी त्याच शहरात विजयालक्ष्मी पंडित हे शिष्टमंडळ भारतीय जनतेचे प्रतिनिधी नाही, असे जाहीर सभांतून सांगत होत्या. पुढे १९६२ ते १९६४ या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या, म्हणून मराठी वाचकांना त्यांचे नाव परिचित असते.

९. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेने नेमके काय बदलले?

१९४४ च्या शरद ऋतूत डंबार्टन ओक्स येथे अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत रशिया आणि चीन यांनी आराखडा केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे मतदानाचे सूत्र ठरले. सॅन फ्रान्सिस्को येथे पन्नास देशांनी दोन महिने चर्चा करून २६ जून रोजी सनदेवर सह्या केल्या. आराखडा करणाऱ्यांपुढे राष्ट्रसंघाचा अनुभव सतत होता, आणि प्रश्न ३ ते ६ मधील दोष त्यांनी कलमागणिक उलटवलेले दिसतात.

पहिला बदल निषेधाच्या व्याप्तीत झाला. कलम २(४) फक्त युद्धाविषयी बोलत नाही. कोणत्याही देशाच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर आणि तशी धमकी या दोहोंना ते मनाई करते. आम्ही युद्ध पुकारलेलेच नाही, ही जपानची पळवाट या शब्दयोजनेने बुजवली. अपवाद दोनच ठेवले, सुरक्षा परिषदेने ठरवलेली कारवाई आणि कलम ५१ खालील स्वसंरक्षण.

दुसरा बदल मला सर्वात मोठा वाटतो. शांततेला धोका आहे का, शांततेचा भंग किंवा आक्रमण झाले आहे का, हे कलम ३९ नुसार सुरक्षा परिषद ठरवते, आणि तिचे निर्णय मान्य करून ते अमलात आणण्याचे वचन कलम २५ खाली प्रत्येक सदस्य देतो. १९२१ च्या ठरावांनी पन्नास राजधान्यांत वाटून टाकलेला निर्णय येथे एका टेबलावर परत आणला. कलम ४१ खाली आर्थिक निर्बंधांचा आदेश निघाला, की हा निर्बंध आपल्याला योग्य वाटतो का, असे म्हणण्याची मुभा सदस्याला राहत नाही. दुसऱ्या कोणत्याही कराराशी विरोध आला तर कलम १०३ नुसार सनदेचे बंधन वरचढ ठरते. ते निर्बंध अपुरे पडतील असे परिषदेला वाटले तर कलम ४२ खाली लष्करी कारवाई होऊ शकते, आणि निर्बंधांपासून तिथवरच्या पायऱ्या क्रमाने चढल्याच पाहिजेत असेही नाही.

तिसरा बदल कामाच्या पद्धतीतील आहे. राष्ट्रसंघाची परिषद वर्षातून मोजक्या वेळा भरत असे. सुरक्षा परिषदेच्या प्रत्येक सदस्याचा प्रतिनिधी मुख्यालयात कायम हजर असावा लागतो.

या सर्व अधिकारांची किंमत म्हणजे नकाराधिकार.

१०. नकाराधिकार म्हणजे राष्ट्रसंघाचा एकमताचाच नियम दुसऱ्या नावाने आणला, असे नाही का?

काही अंशी तसे आहे, पण फरक महत्त्वाचा आहे. राष्ट्रसंघात तत्त्वतः कोणताही सदस्य ठराव अडवू शकत होता. सनदेच्या कलम २७ खाली तो अधिकार फक्त अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि चीन या पाच कायम सदस्यांना आहे. इतर सर्वांवर बहुमताचा निर्णय बंधनकारक होतो.

सनद येथे राष्ट्रसंघापेक्षा मागेही गेली आहे, आणि हे क्वचितच सांगितले जाते. कलम १५ खाली राष्ट्रसंघात वादाच्या पक्षाचे मत मोजले जात नसे. सनदेत वादाच्या पक्षाने मतदानापासून दूर राहावे हा नियम फक्त वाद शांततेने सोडवण्याच्या सहाव्या प्रकरणाला लागू आहे. निर्बंध आणि लष्करी कारवाईच्या सातव्या प्रकरणाला तो लागू नाही. म्हणजे स्वतः आक्रमण केलेला कायम सदस्य आपल्याविरुद्धच्या कारवाईचा ठराव स्वतःच्या मताने पाडू शकतो.

ही चूक अनवधानाने झालेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ऑस्ट्रेलियाचे हर्बर्ट इव्हॅट आणि अनेक लहान देश नकाराधिकार मर्यादित करण्यासाठी आठवडेच्या आठवडे झगडले. बड्या देशांचे उत्तर स्पष्ट होते: हा नियम नसेल तर संस्थाच नसेल. १९१९ मध्ये करारनाम्यातील कलम १० मुळे अमेरिकी सिनेटची संमती गमावली होती. जुलै १९४५ मध्ये त्याच सिनेटने सनद ८९ विरुद्ध २ मतांनी मान्य केली. अमेरिकेच्या संमतीशिवाय अमेरिकी सैन्य कोणी लढाईवर पाठवू शकणार नाही, याची खात्री नकाराधिकाराने दिली होती. बड्या देशाविरुद्ध कारवाई म्हणजे पुन्हा महायुद्धच, तेव्हा संस्थेने त्या कामाला हातच घालू नये, असा हिशेब त्यामागे होता. मला हा हिशेब समजतो, पण त्याचा भार लहान देशांनी वाहिला आणि आजही तेच वाहत आहेत, हे विसरता येत नाही.

एक तांत्रिक बाब येथेच सांगतो. कलम २७ मध्ये कायम सदस्यांची 'सहमतीची मते' हवीत असे शब्द आहेत. तरीही कायम सदस्य तटस्थ राहिल्यास ठराव पडत नाही, अशी प्रथा आरंभापासून पडली, आणि १९७१ मध्ये नामिबियाविषयीच्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती ग्राह्य धरली.

११. सनदेत तर सैन्याची तरतूद आहे. ते सैन्य कुठे आहे?

कलम ४३ नुसार प्रत्येक सदस्याने सुरक्षा परिषदेशी करार करून ठरावीक सैन्य तिच्या हाती द्यायचे होते आणि पाच कायम सदस्यांच्या सेनाप्रमुखांची लष्करी कर्मचारी समिती त्याचे मार्गदर्शन करणार होती. या समितीने एप्रिल १९४७ मध्ये अहवाल दिला, पण सैन्याचे प्रमाण आणि तळ यांवरून तिच्यातच मतभेद राहिले. कलम ४३ खाली आजवर एकही करार झालेला नाही.

त्यामुळे परिषदेला आज्ञा देण्याऐवजी परवानगी द्यावी लागते. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर आक्रमण केले, तेव्हा परिषदेतील चीनची जागा कोणत्या चिनी सरकारला द्यायची या वादावरून सोव्हिएत रशियाने परिषदेवर बहिष्कार टाकलेला होता, म्हणून ठराव संमत होऊ शकले. तरीही त्या ठरावांनी दक्षिण कोरियाला मदत करण्याची शिफारसच केली. कुवेतच्या वेळी यंत्रणा आराखड्याच्या सर्वात जवळ पोहोचली. २ ऑगस्ट १९९० रोजी आक्रमण झाले, त्याच दिवशी इराकने माघार घ्यावी अशी मागणी करणारा ठराव झाला आणि चार दिवसांत सर्वंकष निर्बंध आले. नोव्हेंबरच्या अखेरीस 'सर्व आवश्यक साधने' वापरण्याची परवानगी मिळाली. मात्र लढणारे सैन्य अमेरिकेच्या नेतृत्वाखालील देशांचे होते आणि त्याची सूत्रे परिषदेच्या हाती नव्हती.

निळ्या टोप्यांची शांतिसेना हे कलम ४३ चे सैन्य नव्हे. ती बहुधा दोन्ही पक्षांच्या संमतीने जाते, आणि सनदेत तिचे नावही नाही.

१२. नकाराधिकाराने परिषद अडली तर दुसरा मार्ग आहे का?

नोव्हेंबर १९५० च्या 'शांततेसाठी एकजूट' या ठरावाने असा मार्ग काढला की परिषद अडल्यास आमसभेची तातडीची बैठक बोलावता येईल. १९५६ मध्ये सुएझ कालव्याच्या वादातून इजिप्तवर हल्ला झाला तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरल्यावर याच मार्गाने प्रश्न आमसभेपुढे गेला आणि पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली, तिच्यात भारतीय तुकड्याही होत्या. परंतु आमसभा शिफारस करते, आदेश देत नाही. कलम २५ चे बळ तिच्या ठरावांना नाही.

१३. १९६१ मध्ये गोवा मुक्त करताना भारताने सनदेचा भंग केला, असे काही जण म्हणतात. सुरक्षा परिषदेत काय झाले होते?

भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर पोर्तुगालने परिषदेकडे धाव घेतली. १८ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदी व भारतीय सैन्याची माघार यांचा ठराव मांडला. अकरा सदस्यांच्या परिषदेत आवश्यक असलेली नेमकी सात मते त्याला मिळाली. विरोधात सोव्हिएत रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक होते. सोव्हिएत रशियाचे मत विरोधी असल्याने ठराव पडला.

भारताची भूमिका अशी होती की साडेचारशे वर्षांपूर्वी बळाने घेतलेली वसाहत ही पोर्तुगालची भूमी मानता येत नाही, त्यामुळे कलम २(४) चा प्रश्नच येत नाही. शिवाय वसाहतवाद संपवण्याविषयीचा आमसभेचा ठराव वर्षभरापूर्वीच झाला होता. विरोधकांचे म्हणणे होते की बळाने वाद सोडवण्यास सनदेत असा अपवाद नाही. या वादावर परिषदेने कोणताही निष्कर्ष काढलेला नाही, कारण ठराव संमतच झाला नाही. गोमंतकीयांना अखेर न्याय मिळाला असे मी मानतो, आणि त्याच वेळी हेही नोंदवतो की ज्या नियमाने येथे भारताचे रक्षण केले, तोच इतरत्र आक्रमकांच्याही कामी आला आहे.

१४. सदस्य देश संस्था सोडू शकतो का?

राष्ट्रसंघात दोन वर्षांची सूचना देऊन बाहेर पडता येत होते. जपान, जर्मनी आणि इटली तसेच गेले. फिनलंडवरील आक्रमणानंतर डिसेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत रशियाला मात्र काढून टाकण्यात आले. सनदेत बाहेर पडण्याचे कलमच नाही. १९६५ मध्ये इंडोनेशियाने आपण बाहेर पडत असल्याचे कळवले, पण पुढच्याच वर्षी तो परतला.

१५. १९३५ मध्ये सनद लागू असती तर अबिसिनिया वाचला असता का?

इटलीला नकाराधिकार नसता असे धरू. मग आक्रमणाचा निष्कर्ष बंधनकारक ठरला असता, ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांना बाजूला राहता आले नसते आणि तेलबंदीचा आदेश निघाला असता तर कॅनडाला प्रतिनिधीचे मत वैयक्तिक होते असे म्हणून सुटका करून घेता आली नसती. अमेरिका कायम सदस्य असल्याने प्रश्न ४ मधील व्यापाराची अडचणही बरीच कमी झाली असती.

पण तो आदेश निघण्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्स या दोघांची संमती लागली असती. प्रश्न ६ मध्ये पाहिल्याप्रमाणे त्यांनाच इटलीला तोडायचे नव्हते. जिनिव्हात जे बैठका पुढे ढकलून साधले, ते सुरक्षा परिषदेत एका नकाराने साधता आले असते.

१६. तेलबंदी नंतर कधी लावली गेली का? ती यशस्वी झाली का?

लावली गेली, आणि अबिसिनियाशी तुलना करण्यास हेच उदाहरण सर्वात योग्य आहे. नोव्हेंबर १९६५ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतील, गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. एप्रिल १९६६ मध्ये सुरक्षा परिषदेने ऱ्होडेशियासाठी तेल घेऊन मोझांबिकमधील बैरा बंदराकडे जाणारी जहाजे आवश्यक तर बळाने अडवण्याचे काम ब्रिटनवर सोपवले. डिसेंबरमध्ये कलम ४१ खालील पहिले बंधनकारक निर्बंध आले आणि त्यांत तेल होते. १९३५ मध्ये समितीत अडकलेली वस्तू या वेळी आदेशात स्पष्ट लिहिलेली होती.

ब्रिटिश युद्धनौकांनी बैराच्या समुद्रात १९७५ पर्यंत गस्त घातली. तेल मात्र दक्षिण आफ्रिकेतून आणि पोर्तुगालच्या ताब्यातील मोझांबिकच्या दुसऱ्या बंदरातून ऱ्होडेशियात पोहोचतच राहिले. दोन्ही सरकारांनी आदेश मानला नाही आणि त्यांच्यावर निर्बंध लावण्याची तयारी परिषदेतील पाश्चात्त्य कायम सदस्यांची नव्हती. १९७८ मध्ये ब्रिटनमधील चौकशी अहवालातून पुढे आले की हे तेल पोहोचवण्यात ब्रिटिश तेल कंपन्यांचाही हात होता आणि ब्रिटनच्या काही मंत्र्यांना व अधिकाऱ्यांना ते दहा वर्षांपूर्वीपासून ठाऊक होते.